दोन शायांचा ढोल

गणपती जवळ आले की ढोल-ताशा पथकांची टी-शर्टांसाठी धावपळ सुरू होते. हल्ली चित्र बहुतेकदा चित्र तयार करणाऱ्या एआयकडून काढून घेतात. कोणीतरी मोबाइलवर ‘ढोल वाजवणारा वादक, टी-शर्ट डिझाइन’ असे लिहितो आणि क्षणात चित्र समोर येते. चेहऱ्यावर घामाचे थेंब, मागे गुलालाचा धूर, ढोलाच्या पानावर सोनेरी चमक. पडद्यावर ते झकास दिसते. छापणाऱ्याकडे गेल्यावर तो विचारतो, ‘यात रंग किती?’ आणि खरा प्रश्न तिथे सुरू होतो.

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन लागते. चित्रातला एकेक रंग सुटा करून त्याची काळी फिल्म काढायची, ती प्रकाशसंवेदी रसायन लावलेल्या जाळीवर ठेवून एक्स्पोज करायची आणि पाण्याने धुवायची. फिल्मवर जिथे काळे असते तिथे जाळी उघडी राहते आणि तिथूनच स्क्वीजीने शाई खाली ढकलली जाते. जाळी एकतर उघडी असते नाहीतर बंद. अर्धवट उघडी जाळी नसते, त्यामुळे धूर, चमक आणि सावली या गोष्टी थेट छापता येत नाहीत. बारीक ठिपक्यांनी रंगाचा उतार दाखवता येतो खरा, पण जाड कापडावर ते ठिपके एकमेकांत मिसळतात आणि चित्र मळकट दिसते.

म्हणून प्रॉम्प्ट लिहिताना सुरुवात कापडापासून करावी. समजा, टी-शर्ट काळे आहेत आणि दोन शायांचा खर्च परवडतो: पांढरी आणि केशरी. तरीही हाताशी रंग तीन आहेत, कारण काळा रंग कापडच देते. वादकाचे केस, ढोलाच्या दोऱ्यांमधल्या फटी, सदऱ्याच्या घड्या हे सगळे न छापता सोडलेल्या जागेतून दिसू शकते. एवढे ठरले की प्रॉम्प्टमध्ये भावनेला फारसे काम उरत नाही. ‘जोशपूर्ण’, ‘भव्य’, ‘ऊर्जेने भरलेला’ असे लिहिले की यंत्र प्रकाशझोत आणि धूर घालते, कारण तसली वर्णने ज्या चित्रांबरोबर येतात त्यांत ते असतात. त्याऐवजी आकार सांगावेत:

```
flat stencil illustration of one drummer,
large barrel drum tied at the waist,
stick in right hand, left palm on drum,
solid white and solid orange shapes,
plain black background, thick lines, hard edges
```

यात `T-shirt` हा शब्द मुद्दाम टाळला आहे. तो लिहिला की पुष्कळदा टी-शर्ट घातलेला माणूस किंवा खुंटीवरचा टी-शर्टच हाती येतो. `stencil` मात्र उपयोगी पडतो, कारण स्टेन्सिलचे आकार मुळातच सुटे आणि सपाट असतात. ढोलाचे वर्णनही असे सविस्तर करावे लागते. नुसते `dhol` लिहिले तर गळ्यात तिरका अडकवलेला पंजाबी ढोल येण्याची शक्यता मोठी. आपला ढोल कमरेला बांधलेला असतो, एका पानावर टिपरू पडते आणि दुसऱ्यावर हाताची थाप. हे चुकले तर पथकातला कोणीही तो टी-शर्ट अभिमानाने घालणार नाही, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे.

नकार लिहिताना जपावे. ‘सावली नको, मजकूर नको’ असे मुख्य प्रॉम्प्टमध्ये लिहिले तर काही प्रणाली ‘नको’ विसरतात आणि सावली लक्षात ठेवतात. स्टेबल डिफ्यूजनसारख्या साधनांत नको त्या गोष्टींसाठी वेगळा रकाना असतो; `gradient, shadow, text` तिथे लिहावे. पथकाचे नाव तर यंत्राकडून लिहून घेऊच नये. देवनागरीच्या मात्रा आणि जोडाक्षरे अजूनही बिघडू शकतात. चित्रात जागा सोडून नाव नंतर चांगल्या फॉन्टमध्ये बसवावे.

एवढे करूनही हाती येणारे चित्र छपाईचे नसते. डोळ्यांना दोनच रंग दिसतात, पण कडा मोठी करून पाहिली की पांढरा आणि काळा यांच्या मधे राखाडी छटांची पट्टी आढळते. `vector` असे लिहिले तरी मिळते ते बहुधा ठिपक्यांचेच चित्र. त्या शब्दाने फक्त शैली बदलते. पार्श्वभूमी पारदर्शक मागितली तर कधीकधी चौकटी-चौकटींचा करडा पट चक्क रंगवून मिळतो. शिवाय आकार लहान असतो. १०२४ पिक्सेलचे चित्र इंचाला ३०० ठिपक्यांनी छापले तर पावणेनऊ सेंटिमीटरच भरते. छातीवरच्या २८ सेंटिमीटर रुंद छपाईला सुमारे ३३०० पिक्सेल हवेत.

इलाज एकच: चित्राचे रेषाकृतीत रूपांतर. इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसे आहे. त्यातल्या `Trace Bitmap` मध्ये रंगांचा पर्याय निवडून `Scans` ची संख्या ३ करावी. प्रत्येक रंग वेगळा आकार म्हणून सुटतो, राखाडी पट्टी जवळच्या रंगात विरते आणि चित्र कितीही मोठे केले तरी कड फुटत नाही. बारीक धूळ `Speckles` ने जाते. मग खऱ्या मापात कागदावर छापून पाहावे. मिलिमीटरपेक्षा बारीक रेषा दिसली तर ती जाड करावी किंवा काढून टाकावी. दोन रंगांमधली बारीक फट त्याहून धोक्याची, कारण शाई पसरते आणि ढोलाच्या दोऱ्या मिळून एक पांढरा गोळा होतो.

काळ्या कापडावर केशरी शाई नुसती टाकली तर ती विटकरी दिसते. म्हणून केशरी जागेखालीही आधी पांढरी शाई छापतात, ती जराशी सुकवतात आणि वर केशरी चढवतात. खालचा पांढरा आकार किंचित आखूड ठेवला की कडेने तो डोकावत नाही. पांढऱ्याची हीच स्क्रीन दोन्ही कामे करते, त्यामुळे खर्च दोन स्क्रीनचाच राहतो.

आता हेच चित्र पांढऱ्या मगवर हवे असेल तर हिशेब उलटतो. मगवर सहसा सब्लिमेशन करतात: खास शाईने कागदावर उलटे चित्र छापायचे आणि पॉलिएस्टरचा थर दिलेल्या मगवर ते तापवून दाबायचे. रंगांची संख्या इथे अडचण नसते, पण या शाईत पांढरा नसतो. पांढरे ते मगचे. टी-शर्टची फाइल तशीच दिली तर मगवर काळा चौकोन छापला जातो. सॉफ्टवेअरने रंग उलटे करणे हाही उपाय नव्हे, त्याने केशरीचा निळा होतो. रेषाकृतीतले आकार सुटे असल्यामुळे पार्श्वभूमी काढून पांढऱ्या भागाला काळा रंग देता येतो आणि केशरी तसाच राहतो. चेहरा मात्र नीट तपासावा. काळ्यावर पांढऱ्याने दाखवलेले नाक-डोळे उलटल्यावर फोटोच्या निगेटिव्हसारखे दिसतात, आणि तेवढा भाग हाताने पुन्हा काढावा लागतो.

पाच-दहाच टी-शर्ट हवे असतील तर स्क्रीन बनवणे महाग पडते. तेव्हा फिल्मवर छापून कापडावर दाबण्याची डीटीएफ पद्धत बरी, त्यात रंग हवे तितके चालतात. पण पांढऱ्या शाईचा थर तिथेही असतो आणि अर्धपारदर्शक कडेखाली तो पांढरट किनार होऊन उमटतो. मोठा भरीव ठसा घामात चिकटतो तो वेगळाच. मिरवणुकीत तासन्‌तास वाजवणाऱ्यांसाठी मी मोकळ्या जागा सोडलेले दोन शायांचे चित्रच निवडेन.

छापणाऱ्याकडे जाताना रेषाकृतीची मूळ फाइल न्यावी आणि सगळ्या प्रती छापण्याआधी त्याच कापडावर एक नमुना काढून घ्यावा. तो धुऊन, वाळवून, मगच बाकीच्यांना होकार द्यावा.