उसावर ड्रोन बोलावण्याआधीचं पत्र

आडसाली ऊस डोक्यावर गेला की पाठीवरचा पंप घेऊन सरीत शिरायला मजूर तयार होत नाही. पात्याच्या कडा अंग चिरतात, पुढचा माणूस दिसत नाही. अशा वेळी शेतकरी सहकारी संस्थेचा सचिव ड्रोनवाल्याला पत्र लिहितो. बहुतेक पत्रांत एकच ओळ असते: ‘एकरी दर कळवावा.’ पण एवढ्यावर आलेला दर तुलनेला उपयोगी पडत नाही. औषध कुणाचं, पाणी कोण भरणार, बॅटऱ्या कुठं चार्ज होणार, दहा-वीस गुंठ्यांचे तुकडे आणि मधून गेलेल्या विजेच्या तारा यांचा हिशेब त्यात धरलेला नसतो.

कामाचं पत्र साधारण असं असावं:

‘आमच्या सभासदांचा साठ एकर ऊस दहा ते बारा फूट उंच आहे. तांबेऱ्यासाठी फवारणी करायची आहे. गटवार नकाशा सोबत जोडला आहे. तारा, विहिरी आणि शेजारच्या द्राक्षबागा त्यावर दाखवल्या आहेत. औषध व पाणी संस्था देईल. आपला दर औषधाशिवाय, येण्याजाण्याच्या खर्चासह कळवावा. ड्रोनचा नोंदणी क्रमांक, पायलटचं प्रमाणपत्र आणि विम्याची प्रत जोडावी. आधी एका एकरात प्रात्यक्षिक द्यावं. एकरी किती लिटर द्रावण आणि त्यात किती औषध घालणार, तेही लिहावं.’

शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं. समजा, एकरी ४०० मिली औषध २०० लिटर पाण्यातून द्यायचं आहे, म्हणजे लिटरला २ मिली. ड्रोन एकराला साधारण १० लिटर द्रावण वापरतो. जुन्या सवयीनं लिटरला दोनच मिली घातलं, तर एकरात जेमतेम २० मिली औषध पडेल आणि रोग तसाच राहील. उलट पूर्ण ४०० मिली त्या १० लिटरमध्ये घातलं, तर द्रावण वीसपट तीव्र होतं. पानं करपतील का, हे आधी थोड्या क्षेत्रावर पाहिलेलं बरं. ड्रोनसाठी त्या औषधाला मान्यता आहे का, हेही लेबल वाचून ठरवावं.

प्रात्यक्षिकात वीस गुंठे ड्रोननं, बाकीचे नेहमीच्या पंपानं फवारावेत आणि एक पट्टा कोरा सोडावा. पाणी लागताच निळे डाग पडणारा पिवळा कागद बाजारात मिळतो. त्याचे तुकडे शेंड्याला, मध्ये आणि खालच्या पानांना, काही पानांच्या पाठीलाही लावावेत. दाट उसात शेंड्याचा कागद निळा आणि खालचा कोरा, असं सहज घडतं. बांधापलीकडं द्राक्षांकडंही एक कागद टांगावा. तो डागाळला तर वारं जास्त होतं किंवा ड्रोन फार उंच उडाला.

हुमणीसाठी मात्र हा खटाटोप नको. अळी जमिनीत मुळं खाते, पानावरचं औषध तिथं पोचत नाही.

ड्रोनची फवारणी दहा मिनिटांत उरकते. पण कागद त्याच दिवशी आणि पानं आठ-दहा दिवसांनी पाहून मगच दर पक्का करावा.