बिलातील मूळ किंमत : उलट्या वाटेचे गणित

शंभर रुपयांच्या वस्तूवर अठरा टक्के कर चढविला की एकशे अठरा रुपये होतात, हे शाळकरी मुलासही सांगता येते. परंतु एकशे अठरा रुपयांचे बिल हाती देऊन मूळ किंमत विचारली, तर पुष्कळ सुशिक्षित माणसे एकशे अठराचे अठरा टक्के काढून वजा करतात आणि शंभराऐवजी शहाण्णव रुपये शहात्तर पैसे असे उत्तर देतात. अलीकडे बिलाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर पाठविण्याची रीत रूढ झाली आहे. या छायाचित्रात पुष्कळदा खालची एकूण रक्कमच काय ती स्पष्ट उमटलेली असते, आणि मूळ किंमत पाहणाऱ्याला स्वतः काढावी लागते. म्हणूनच हे गणित मुळापासून समजून घेणे इष्ट होय.

एक उदाहरण घेऊ. पेडणे तालुक्यातील एका शाळेच्या पालक-शिक्षक संघाला वर्गांसाठी बारा छतपंखे घ्यावयाचे आहेत, असे समजा. संघाच्या एका सदस्याच्या नातलगाने म्हापशाच्या एका दुकानातून नुकतेच तसेच बारा पंखे घेतले असून त्या बिलाचे छायाचित्र धाडले आहे. कागद दुमडल्यामुळे किमतीचा रकाना वाचता येत नाही, मात्र तळाशी 'एकूण २८,३२० रुपये, करासह' हे स्पष्ट दिसते. दुसरीकडे डिचोलीच्या दुकानदाराने दरपत्रक दिले आहे, ते असे : प्रत्येक पंखा १,९७५ रुपये, कर वेगळा. म्हणजे बारा पंख्यांचे करापूर्वी २३,७०० रुपये. एक रक्कम करासह आणि दुसरी कराविना असल्यामुळे, त्या एका पातळीवर आणल्याखेरीज तुलना होऊ शकत नाही. पंख्यांवर कर अठरा टक्के आहे.

आता संघाच्या हिशेबनिसाने २८,३२० चे अठरा टक्के, म्हणजे ५,०९७ रुपये ६० पैसे, वजा केले तर उरतात २३,२२२ रुपये ४० पैसे. हा आकडा डिचोलीच्या २३,७०० पेक्षा कमी दिसतो. साहजिकच म्हापशाचे दुकान स्वस्त ठरेल, आणि लोकवर्गणीचे पैसे तिकडे जातील. हा निर्णय मात्र पूर्णपणे उलटा होय.

याचे कारण असे की, कर आकारला जातो तो मूळ किमतीवर, एकूण रकमेवर नव्हे. मूळ किंमत शंभर भाग मानली, तर कर अठरा भाग आणि एकूण रक्कम एकशे अठरा भाग. एकूण रकमेतून अठरा टक्के काढणे म्हणजे करावरही पुन्हा कर काढणे होय. म्हणून येथे वजाबाकी नको, त्रैराशिक हवे : ११८ भागांचे २८,३२० रुपये, तर १०० भागांचे किती? २८,३२० ला ११८ ने भागून १०० ने गुणले की २४,००० रुपये येतात. तेव्हा म्हापशाचा पंखा करापूर्वी २,००० रुपयांचा, आणि डिचोलीचा १,९७५ चा. बारा पंख्यांमागे डिचोलीस मूळ किमतीत ३०० रुपये आणि करासह ३५४ रुपये वाचतात.

ही भागाकाराची रीत केवळ शाळेतली नव्हे. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून देशभर लागू झाला, त्या वेळच्या केंद्रीय नियमावलीतील पस्तिसावा नियम नेमके हेच सांगतो : किंमत करासह असेल तेव्हा तिला कराच्या दराने गुणावे, आणि शंभर अधिक एकूण दर यांच्या बेरजेने भागावे, येईल तो कर.

तोंडी हिशेबासाठी अपूर्णांक लहान करून घ्यावा. अठरा टक्क्यांच्या बिलात एकूण रकमेला ५९ ने भागावे. येईल त्याची पन्नासपट म्हणजे मूळ किंमत, आणि नऊपट म्हणजे कर. आपल्या बिलात २८,३२० भागिले ५९ म्हणजे ४८०. त्याची पन्नासपट २४,००० आणि नऊपट ४,३२०. पाच टक्क्यांच्या बिलात तर आणखी सोपे : एकूण रकमेचा एकविसावा भाग हाच कर. उपाहारगृहाचे ८४० रुपयांचे बिल असेल, तर कर ४० आणि मूळ ८०० रुपये.

छायाचित्र वाचताना दर बिनचूक टिपणे महत्त्वाचे. गोव्यातील दुकानाने गोव्यातच माल विकला, तर बिलावर सीजीएसटी ९ टक्के आणि एसजीएसटी ९ टक्के अशा दोन ओळी असतात. त्यांपैकी एकच ओळ दिसली आणि कोणी १०९ ने भागले, तर मूळ किंमत २५,९८१ रुपयांच्या घरात जाते आणि आणखीच फसगत होते. सीमेपलीकडच्या दोडामार्गातील दुकानदाराने तोच माल डिचोलीस पाठविला, तर आयजीएसटी १८ टक्के अशी एकच ओळ येते. दोन्हीकडे एकूण दर एकच. दुकान कोणत्या राज्यात नोंदलेले आहे हे त्याच्या नोंदणी क्रमांकाचे पहिले दोन अंक सांगतात : गोव्यासाठी ३०, महाराष्ट्रासाठी २७.

बिलाची तारीखही पाहावी, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून अनेक दर बदलले. वह्यांवर त्यापूर्वी १२ टक्के कर होता, तो आता शून्य आहे. १,१२० रुपयांच्या जुन्या बिलातील वह्यांची मूळ किंमत १,००० रुपये. आजच्या बिलात मात्र १,१२० हीच मूळ किंमत. त्याच बिलात वह्या आणि पंखे दोन्ही असतील, तर एकूण रकमेला एकाच संख्येने भागू नये. प्रत्येक दराच्या वस्तू वेगळ्या करून, त्या-त्या रकमेवर हा हिशेब करावा आणि मग बेरीज घ्यावी.

शेवटी एक बारीक गोष्ट. भास्कराचार्यांच्या लीलावतीत व्यस्तविधी आहे : उत्तरावरून मागे जाताना शेवटची क्रिया आधी उलटवावी, बेरजेच्या जागी वजाबाकी, गुणाकाराच्या जागी भागाकार. बिलात शेवटची क्रिया असते ती पैशांची पूर्णांकात जुळवणी. एकूण १,४९९ रुपये असून जुळवणीची ओळ ४० पैसे अधिक दाखवीत असेल, तर आधी ते ४० पैसे वजा करावे. उरलेल्या १,४९८ रुपये ६० पैशांना ११८ ने भागून १०० ने गुणले की नेमके १,२७० रुपये येतात. ती ओळ विसरली, तर १,२७० रुपये ३४ पैसे असे उत्तर येते. असे चमत्कारिक पैसे उरले की जुळवणीची ओळ शोधावी.

उत्तर बरोबर आहे की नाही, हे पुढच्या वाटेने परत जाऊन कळते. २४,००० वर १८ टक्के चढविले की २८,३२० येतात; हिशेब जुळला. चुकीच्या २३,२२२ रुपये ४० पैशांवर तोच कर चढविला, तर २७,४०२ रुपयांच्या पुढे मजल जात नाही. नऊशेहून अधिक रुपये कमी पडतात, आणि चूक आपोआप उघडी पडते.

या रीतीची एक मर्यादा ध्यानी असावी. तडजोड योजनेखाली नोंदलेला लहान व्यापारी ग्राहकाकडून कर वेगळा घेऊ शकत नाही, आणि तसे त्याच्या बिलावर लिहिलेले असते. अशा बिलातून कर काढू नये. तेथे दिलेली रक्कम हीच वस्तूची किंमत होय.