हरवलेला दशांशबिंदू

सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी वीजवापराच्या तक्त्याचा स्क्रीनशॉट टाकतो. मूळ फाइल मात्र मिळत नाही. एक्सेलमध्ये चित्रातून तक्ता घेण्याची सोय आहे, पण पुसट चित्रात ती हमखास फसते.

समजा, नऊ घरांची युनिट्स अशी उतरली: 84, 88, 91, 93, 95, 98, 102, 106 आणि 1010. `=AVERAGE(B2:B10)` सुमारे 196 दाखवते, `=MEDIAN(B2:B10)` मात्र 95. आठ घरे 106 च्या आत असताना सरासरी 196 कशी?

जॉन टुकी यांचा नियम इथे कामी येतो. पहिले चतुर्थक 91, तिसरे 102, अंतर 11. त्याची दीडपट, म्हणजे 16.5, तिसऱ्या चतुर्थकात मिळवली की वरची मर्यादा 118.5 येते. 1010 तिच्या कितीतरी बाहेर. पण म्हणून तो आकडा खोडायचा नसतो. नियम फक्त संशयिताकडे बोट दाखवतो.

पुरावा चित्रातच असतो. तळाशी एकूण 858 छापले आहे, उतरवलेल्यांची बेरीज 1767. फरक 909. दशांशबिंदू गळाला की आकडा दसपट होतो, म्हणून फरक मूळ आकड्याच्या नऊपट येतो. 909 भागिले 9, उत्तर 101. चित्र मोठे करून पाहिले, तर तिथे 101.0 असते.

दुरुस्तीनंतर सरासरी 95.3 होते. मध्यक 95 च राहतो. खऱ्या उधळ्या घराचा आकडा असता, तर बेरीज जुळली असती आणि तो तक्त्यात ठेवावाच लागला असता. ‘एकूण’ची ओळ मात्र सूत्राच्या कक्षेबाहेर हवी, नाहीतर तीच दहावे घर होऊन बसते.