दुखणं गेलं, गाठ राहिली

पापणीच्या कडेला लाल, ठणकणारी पुळी आली की डॉक्टरांच्या आधी घरातच निदान होतं : रांजणवाडी. मग तळहातावर बोट घासून त्याची ऊब द्यायची. आठवड्याभरात पुळी फुटते किंवा जिरते, आणि बहुतेकदा विषय तिथेच संपतो. पण कधी कधी दुखणं थांबतं, लाली जाते आणि पापणीत मुगाएवढी टणक गाठ मात्र महिना उलटला तरी हलत नाही. ‘रांजणवाडी बरी होत नाही’ म्हणून लोक अँटिबायोटिकचे थेंब घालत राहतात. ही गाठ आता रांजणवाडी नसते. डॉक्टर तिला कॅलेझियन म्हणतात.

रांजणवाडी म्हणजे जंतुसंसर्ग. केसाच्या मुळाशी असलेल्या बारीक ग्रंथीत, बहुधा त्वचेवरच राहणारे स्टॅफिलोकोकस जंतू शिरतात आणि पू होतो. म्हणून ती दुखते आणि तिला पिवळसर तोंड येतं. कॅलेझियनचं मूळ त्याहून आत असतं. पापणीच्या जाड पट्टीत तेल तयार करणाऱ्या ग्रंथींची उभी रांग असते. डोळ्यातलं पाणी लगेच उडून जाऊ नये, हे या तेलाचं काम. एखाद्या ग्रंथीचं तोंड बुजलं की तेल आत साचतं, आजूबाजूला झिरपतं आणि शरीर त्याच्याभोवती सुजेचा वेढा घालतं. इथे सहसा जिवंत जंतू नसतात, त्यामुळे अँटिबायोटिकला मारायला काही उरत नाही. आतल्या ग्रंथीतच झालेली रांजणवाडी ओसरल्यावर अशी गाठ मागे राहू शकते.

उपयोग होतो तो शेकाचा, कारण हे तेल थिजलेल्या तुपासारखं उबेने पातळ होतं. स्वच्छ कापड सोसवेल इतक्या गरम पाण्यात भिजवून, पिळून बंद डोळ्यावर पाच-दहा मिनिटं ठेवायचं. कापड लवकर निवतं, म्हणून ते मध्ये पुन्हा भिजवावं लागतं. नंतर बोटाने केसांच्या दिशेने, म्हणजे वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, हलकेच चोळायची. असं दिवसातून तीन-चार वेळा. गाठ पिळायची नाही, सुईने टोचायची नाही. उगाळलेली लवंगही नको. ती डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते.

समजा, पस्तिशीतल्या एका शिक्षिकेच्या वरच्या पापणीत अशी गाठ आहे. दोन महिने तिने नेमाने शेकलं, तरी गाठ तेवढीच आहे आणि वाचताना त्या डोळ्याने अक्षरं किंचित पसरट दिसतात. मोठी गाठ बुबुळावर दाबून त्याचा आकार बदलते, त्यामुळे असं होऊ शकतं. अशा वेळी गाठ काढणं योग्य ठरतं. पापणीत भूल देणारं इंजेक्शन देतात. त्याचीच टोचणी काय ती जाणवते. मग खास चिमट्यात पापणी धरून उलटी करतात आणि आतल्या बाजूने उभा छेद घेतात. छेद उभा असल्याने शेजारच्या ग्रंथी कापल्या जात नाहीत, आणि तो आतून असल्याने बाहेर व्रण दिसत नाही. आतला चिकट ऐवज खरवडून काढला की मलम घालून काही तास पट्टी. टाके लागत नाहीत. सूज आणि निळसरपणा काही दिवसांत उतरतो. लहान मुलं स्थिर राहत नाहीत, म्हणून त्यांना बहुधा पूर्ण भूल द्यावी लागते. गाठीत स्टेरॉइडचं इंजेक्शन हाही एक पर्याय आहे, पण सावळ्या त्वचेवर त्याचा फिकट डाग पडू शकतो.

काही खुणा दिसल्या तर मात्र महिने मोजत बसायचं नाही. पूर्ण पापणी सुजली, ताप आला, डोळा फिरवताना दुखू लागला, पुढे आल्यासारखा वाटला किंवा दृष्टी अंधुक झाली, तर संसर्ग खोल गेलेला असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवं. दुसरी खूण तितकी गडबड करत नाही, म्हणून ती निसटते. काढलेली गाठ त्याच जागी पुन्हा येते, तिथले केस गळतात, पापणीची कड झिजते, जखम होते किंवा रक्त येतं. तेलग्रंथींचा कर्करोग क्वचित होतो, पण तो कॅलेझियनचं सोंग घेतो आणि वयस्क माणसात जास्त आढळतो. अशी गाठ नुसती खरवडून भागत नाही. तिचा तुकडा तपासणीला जावा लागतो. म्हणून त्याच जागी दुसऱ्यांदा गाठ काढायची वेळ आली, तर डॉक्टरांना आधीच विचारावं : ‘तुकडा बायॉप्सीला पाठवणार ना?’