ताप उतरल्यानंतरचा इको

1961 सालच्या जानेवारीत तोक्योमधल्या रेडक्रॉस रुग्णालयात चार वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. ताप हटत नव्हता, डोळे लाल, ओठ फुटलेले, अंगावर पुरळ. डॉ. तोमिसाकु कावासाकी यांना हे चित्र कोणत्याच ओळखीच्या आजारात बसवता येईना. तशीच मुले ते टिपत गेले आणि 1967 मध्ये 50 मुलांची नोंद त्यांनी प्रसिद्ध केली. आज या आजाराला त्यांचेच नाव आहे.

कावासाकी आजारात शरीरातल्या मध्यम जाडीच्या रोहिण्यांना सूज येते. त्यांतल्या हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या करोनरी रोहिण्यांचा धोका सर्वांत मोठा. सुजेने भिंत कमकुवत झाली की रक्ताच्या दाबाने ती फुगते आणि फुगा तयार होतो. उपचार न मिळालेल्या मुलांपैकी साधारण चौघांत एकाला असा फुगा येतो.

निदान करणारी एकच अशी तपासणी नाही. पाच दिवस किंवा अधिक ताप, आणि पाचपैकी चार खुणा: चिपडे न येता दोन्ही डोळे लाल होणे, लालभडक ओठ व स्ट्रॉबेरीसारखी खरबरीत जीभ, पुरळ, हातापायांवर सूज, मानेत एका बाजूला गाठ. भारतात जन्मानंतर लगेच बीसीजीची लस देतात. आजारात त्या जुन्या व्रणाभोवतीची जागा लाल होऊन सुजली, तर तोही बोलका इशारा असतो. बोटांच्या टोकांची साल मात्र दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात निघते, म्हणून तिची वाट पाहत बसायचे नसते.

आता एक नमुन्याचे उदाहरण घेऊ. अडीच वर्षांची, 12 किलोची मुलगी, तापाचा सहावा दिवस. तिला इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून दिले जाते, किलोमागे 2 ग्रॅम, म्हणजे 24 ग्रॅम. सलाइन दहा-बारा तास थेंबथेंब चालते. जोडीला अ‍ॅस्पिरिन. हे औषध तापाच्या पहिल्या दहा दिवसांत मिळाले, तर फुग्याचे प्रमाण शंभरात चार-पाचांवर येते. तिचा ताप दुसऱ्याच दिवशी उतरतो, इकोही नॉर्मल येतो. आईबाबा निःश्वास टाकतात.

पण हा इको फक्त त्या दिवसाचा असतो. ताप गेला तरी भिंतीतली सूज काही आठवडे काम करत राहते. म्हणून पुढचे इको एक-दोन आठवड्यांनी आणि मग चार ते सहा आठवड्यांनी ठरलेले असतात. याच काळात रक्तातल्या प्लेटलेट्सही वाढतात, त्यामुळे फुग्यात गुठळी होण्याची भीती असते. अ‍ॅस्पिरिन कमी मात्रेत चालू ठेवतात ते यासाठी.

दुसऱ्या इकोला मुलगी आईच्या कुशीत झोपलेली असली तर बरे, कारण मोजायचे असते मिलिमीटरच्या अंशात. पडद्यावर महारोहिणीचा गोल काप दिसतो. घड्याळाची तबकडी कल्पिली, तर चारच्या आसपास डावी आणि दहा-अकराच्या आसपास उजवी करोनरी निघते: दोन समांतर पांढऱ्या रेघा आणि मधे काळी फट. त्या फटीची रुंदी आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजतात. पहिल्यांदा डाव्या पुढच्या शाखेची रुंदी 1.7 मिलिमीटर होती, आता 2.6 आहे.

हा आकडा मोठा की लहान? बारा वर्षांच्या मुलात 2.6 नॉर्मलच धरला जाईल. म्हणून मुलाच्या उंची-वजनावरून काढलेल्या सरासरीपासून तो किती दूर आहे हे ‘झेड स्कोअर’ सांगतो. दोनच्या आत नॉर्मल, अडीचपासून छोटा फुगा, पाचपासून मध्यम, दहा किंवा त्यावर महाकाय. आपल्या मुलीचा झेड स्कोअर तीनच्या पुढे जातो: छोटा फुगा. वाढ थांबेपर्यंत इको जवळजवळ ठेवले जातात. त्याच बैठकीत फुग्यात गुठळी आहे का, हृदय नीट आकुंचन पावते का, मायट्रल झडप गळते का, हृदयाभोवती पाणी साचले का, हेही पाहतात.

छोट्या फुग्यांपैकी निम्म्याहून अधिक एक-दोन वर्षांत मापाने नॉर्मल होतात. महाकाय फुगा मात्र क्वचितच पुरता जातो, आणि त्यात अ‍ॅस्पिरिनसोबत रक्त पातळ ठेवणारे आणखी औषध लागते.

इकोला मर्यादाही आहेत. रोहिण्यांचा उगमाजवळचा भाग तो छान दाखवतो. दूरच्या फांद्या आणि आतून अरुंद झालेली जागा तितकी नाही. मूल मोठे होत छाती रुंदावली की चित्र आणखी धूसर होते. म्हणून मोठे फुगे असलेल्या मुलांना पुढे सीटी अँजिओग्राफी लागते.

घरच्यांनी डॉक्टरांना एक गोष्ट आवर्जून विचारावी: गोवर आणि कांजिण्यांची लस कधी? इम्युनोग्लोब्युलिननंतर त्या साधारण 11 महिने लांबवतात, कारण बाहेरून आलेली प्रतिपिंडे लशीचा परिणाम पुसतात. आणि इकोचे प्रत्येक कागद फाइलमध्ये तारखेसह ठेवावेत. पुढचे माप पाहणाऱ्या डॉक्टरांना 1.7 आणि 2.6 हे दोन्ही आकडे लागणार आहेत.