चाललेल्या पोस्टलाच बळ, तेही ठरल्या पैशांत

इन्स्टाग्रामवर दुकानाने टाकलेली पोस्ट आधी फुकट फिरते. ती काही फॉलोअर्सना दिसते आणि त्यांचा प्रतिसाद पाहून इन्स्टाग्राम ती आणखी कोणाला दाखवायची ते ठरवते. पैसे भरून तीच पोस्ट अनोळखी लोकांपर्यंत नेणे म्हणजे ‘बूस्ट’ करणे. बरेच दुकानदार हे बटण अंदाजाने दाबतात. जिच्यावर मेहनत जास्त घेतली किंवा जी सणाच्या तोंडावर टाकली, तिच्यावर पैसे लावतात. स्वयंचलित बूस्टमध्ये हा अंदाज बाजूला राहतो. फुकटच्या फेरीत जी पोस्ट ठरावीक पातळी ओलांडते तिचीच जाहिरात आपोआप सुरू होते, आणि दिवसाचा एकूण खर्च एका पक्क्या मर्यादेत राहतो. हे काम तयार सेवांकडून करून घेता येते किंवा मेटा कंपनीच्या जाहिरात-एपीआयवर छोटा प्रोग्रॅम लिहूनही. दोन्ही वाटांनी गेले तरी पातळी कशी मोजायची आणि मर्यादा कुठे लावायची, हे आधी ठरवावे लागते.

पातळी म्हणून ‘200 लाइक्स’ असा सरधोपट आकडा ठेवला की गणित बिघडते. जुन्या पोस्टला वेळ जास्त मिळालेला असतो, म्हणून तिचे लाइक्सही जास्त असतात. त्यामुळे प्रत्येक पोस्ट सारख्याच वयाची असताना, उदाहरणार्थ टाकल्यापासून सहा तासांनी, मोजावी आणि तो आकडा तिथेच गोठवावा. बूस्टनंतर आलेला प्रतिसाद पैशांनी आणलेला असतो. तो पुन्हा हिशेबात शिरला, तर एकदा निवडलेली पोस्ट स्वतःच्याच जोरावर पुन्हापुन्हा निवडली जाते. मोजायचे ते प्रमाण: पोस्ट जितक्यांना दिसली त्यांपैकी किती जणांनी काही केले. आणि तुलना करायची ती त्याच खात्याच्या मागच्या 30-40 पोस्टशी. दुसऱ्या दुकानाचा ‘चांगला’ दर इथे काही कामाचा नाही.

समजा, येवल्यातल्या एका पैठणी विक्रेत्याच्या खात्यावर सहा तासांनंतरचा नेहमीचा दर 3 टक्क्यांच्या आसपास आहे, आणि वरच्या पाचव्या हिश्श्यातल्या पोस्ट 5 टक्क्यांपुढे जातात. पातळी 5 टक्के ठरली. एका आठवड्यात तीन पोस्ट तिच्यापुढे गेल्या. मागावर पदराचा मोर विणतानाचा व्हिडिओ 2,400 जणांना दिसला आणि लाइक्स, कमेंट्स, शेअर आणि सेव्ह मिळून 160 प्रतिसाद आले, म्हणजे 6.7 टक्के. ‘दुकानाला दहा वर्षे पूर्ण, सर्वांचे आभार’ ही पोस्ट 3,000 जणांना दिसली आणि 330 प्रतिसाद आले, म्हणजे 11 टक्के. तिसरी पोस्ट रात्री उशिरा टाकलेली. ती दिसली फक्त 60 जणांना, त्यातले सहा प्रतिसाद घरच्यांचे आणि कामगारांचे, पण दर 10 टक्के.

तिसरी पोस्ट वगळणे सोपे आहे. किमान 1,000 जणांना दिसल्याशिवाय दर मोजायचाच नाही, एवढा नियम पुरतो. खरी फसगत दुसरीत आहे. दर सर्वांत जास्त, पण 330 प्रतिसादांत शेअर आणि सेव्ह मिळून चारच. बाकी सगळी अभिनंदने. जुन्या गिऱ्हाइकांना दुकानाचा वाढदिवस हवासा वाटतो, पण दुकान माहीतच नसलेल्या नागपूरच्या बाईला त्याचे काय? व्हिडिओच्या 160 प्रतिसादांत मात्र शेअर आणि सेव्ह मिळून 50 होते, म्हणजे दर हजारी सुमारे 21. आभाराच्या पोस्टचा हाच आकडा दीडदेखील नाही. अनोळखी माणसापुढे काय चालेल याचा अंदाज शेअर आणि सेव्हवरून जास्त नेमका येतो. म्हणून पातळी दुहेरी ठेवावी: एकूण दर 5 टक्के, शिवाय शेअर-सेव्ह दर हजारी किमान 10.

तरीही काही पोस्ट माणसानेच अडवाव्या लागतात. साडीचा रंग गेल्याची तक्रार कमेंट्समध्ये रंगली, तरी यंत्राला तो प्रतिसादच दिसतो. संपलेल्या मालाची पोस्टही पातळी ओलांडते. गाण्याचे हक्क आड आल्याने काही रील्स बूस्टच होत नाहीत, त्यामुळे ही पात्रता आधी तपासलेली बरी.

आता पैसे. जाहिरातीला दिवसाचे 200 रुपये बजेट लावले म्हणजे त्या दिवशी 200 च जातील, हा समज चुकीचा आहे. मेटाच्या लेखी दैनिक बजेट ही सरासरी असते. एखाद्या दिवशी ते 75 टक्क्यांपर्यंत जास्त खर्च करू शकते आणि आठवड्याचा हिशेब सातपटीत बसवते. म्हणजे 200 चे 350 होऊ शकतात. विक्रेत्याची पक्की मर्यादा 700 रुपये असेल, तर एका दिवशी चालणाऱ्या सर्व जाहिरातींच्या बजेटची बेरीज 400 पेक्षा जास्त असता कामा नये. 200 ची एक, अशा दोनच जागा. वर 18 टक्के जीएसटी धरला, तर खिशातून जाणारी कमाल रक्कम 826 रुपये होते.

खर्च पाहत राहायचे आणि 700 झाले की जाहिराती थांबवायच्या, हा उपाय सुचतो खरा, पण तो पक्का नाही. खर्चाचे आकडे उशिरा येतात आणि प्रोग्रॅम मध्येच बंदही पडू शकतो. मर्यादा झालेल्या खर्चावर न लावता दिलेल्या शब्दावर लावावी लागते: जाहिरात सुरू करण्यापूर्वी तिचे 350 रुपये वहीत राखून ठेवायचे, राखायला रक्कम उरली नसेल तर पोस्ट रांगेत थांबेल. सकाळी दहाला एक आणि दुपारी चारला दुसरी जाहिरात सुरू झाली असेल, तर सातला पातळी ओलांडणारी तिसरी दुसऱ्या दिवसावर जाते. दुपारी एखादी जाहिरात थांबवली तरी तिची जागा लगेच मोकळी होत नाही, कारण झालेला खर्च परत येत नाही आणि नवी जाहिरात स्वतःचे 350 घेऊन येते. जागा मोकळी होते ती मध्यरात्री, आणि ही मध्यरात्र जाहिरात खात्याच्या टाइमझोनची. कोणी खाते उघडताना अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ निवडली असेल, तर त्याचा दिवस भारतात दुपारी साडेबारा किंवा दीडला बदलतो.

राखण्याचे आणि तपासण्याचे काम एकाच पावलात झाले पाहिजे. प्रोग्रॅमच्या दोन प्रती एकाच क्षणी ‘जागा आहे का’ विचारतील, तर दोघींनाही होकार मिळतो. एपीआयचे उत्तर आले नाही म्हणून पुन्हा मागणी केली, तर एकाच पोस्टच्या दोन जाहिराती सुरू होऊ शकतात. म्हणून पोस्टचा क्रमांक आधी नोंदवून एका क्रमांकाला एकच जाहिरात, असा नियम असतो.

सगळ्यांत महाग चूक शून्यांची. एपीआयमध्ये `daily_budget` पैशांत द्यावे लागते, म्हणजे 200 रुपयांसाठी `20000`. खर्चाच्या अहवालातला `spend` मात्र रुपयांत येतो. कोणी शंभरने दोनदा गुणले, तर 200 चे 20,000 रुपये होतात, आणि वहीत मात्र 200 च दिसतात. इथे उपयोगी पडते ती मेटाच्या खात्यावरची एकूण खर्चमर्यादा. तिथे 5,000 रुपये लिहून ठेवले की तेवढा खर्च होताच सर्व जाहिराती थांबतात आणि माणसाने मर्यादा पुन्हा वाढवेपर्यंत सुरू होत नाहीत. ही मर्यादा दिवसाची नसते, म्हणून वहीची जागा ती घेऊ शकत नाही.

पातळी बरोबर निवडली की नाही, हे पाहण्यासाठी पात्र पोस्टपैकी दर चौथी मुद्दाम बूस्ट न करता सोडतात. निवडलेली पोस्ट पुढेही थोडीबहुत आपली आपण चालणारच होती, त्यामुळे बूस्टनंतर वाढलेली सगळी चौकशी जाहिरातीच्या खात्यावर मांडता येत नाही. सोडलेल्या आणि बूस्ट केलेल्या पोस्टनंतरच्या दोन दिवसांत व्हॉट्सअॅपवर किती जणांनी किंमत विचारली, हे महिनाभर लिहिले की फरक दिसू लागतो. महिन्यात अशा तीन-चारच पोस्ट येत असतील, तर निकालासाठी दोन-तीन महिने थांबावे लागते. दोन्हींत फरकच पडत नसेल, तर लाइक्स वाढले तरी 5 टक्क्यांची पातळी चुकलेली असते आणि शेअर-सेव्हची अट आणखी कडक करून पाहायची असते.