दहाव्या वर्षाच्या फोटोखाली काय लिहायचं?

लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला नवरा-बायकोचा फोटो टाकायचा, त्याखाली चार ओळी लिहायच्या, ही आता घराघरातली गोष्ट झाली आहे. सरलेलं वर्ष बरं गेलं असेल तर या ओळी कशाही लिहिल्या तरी चालतात. वर्ष अवघड गेलेलं असलं की पेच पडतो. काहीच न लिहिणं खोटं वाटतं, सगळं लिहिणं उघडं पडल्यासारखं वाटतं. मग बहुतेक जण मधला रस्ता धरतात आणि ‘वादळ’, ‘खडतर प्रवास’, ‘जन्मोजन्मीची साथ’ असे शब्द जुळवून मोकळे होतात.

साताऱ्यातल्या माझ्या ओळखीच्या एका जोडप्यानं या ओळी कशा लिहिल्या, ते मी जवळून पाहिलं. नवऱ्याचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान. मार्चमध्ये दुचाकीवरून पडून त्याचं मांडीचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया करून आत रॉड बसवावा लागला. आधी वॉकर, मग काठी असं करत तो पाच महिने घरात होता. तेवढे दिवस दुकान बायकोनं चालवलं. पैशाची ओढाताण झाली, तिच्या बांगड्या गहाण पडल्या. ऐन वेळी एका जवळच्या नातेवाइकानं हात वर केले. आणि घरी बसल्या बसल्या तो पहिलीतल्या लेकीच्या वेण्या घालायला शिकला.

त्याचा पहिला मसुदा असा होता: ‘दहा वर्षांचा हा सुंदर प्रवास. हे वर्ष खूप खडतर होतं, पण तुझ्या साथीनं प्रत्येक वादळातून सावरलो. अशीच साथ जन्मोजन्मी लाभो.’ यातला शब्दन् शब्द त्याच्या मनातला होता, हे मला माहीत आहे. तरी या ओळी कुठल्याही जोडप्याच्या फोटोखाली चिकटवता आल्या असत्या. दुसरी अडचण अशी की, ‘वादळ’ वाचलं की मावशीचा फोन येणारच, “काय रे, काय झालं होतं?” अर्धवट झाकलेली गोष्ट माणसाला पुरती उघड्या गोष्टीपेक्षा जास्त टोचते. ज्या ओळी वाचून लोक शुभेच्छा द्यायच्या सोडून चौकशी करू लागतील, त्या ओळी फसल्या असं खुशाल समजावं.

दुसरा मसुदा त्यानं रात्री बसून लिहिला आणि तो पान भरून झाला. अपघाताची तारीख, शस्त्रक्रियेचा खर्च, बांगड्या, तो नातेवाईक, सगळं त्यात आलं. फोटोत दोघं आणि मजकुरात सात माणसं. त्या नातेवाइकाचं नाव नव्हतं, पण घरातल्या प्रत्येकाला ते कळलं असतं. बांगड्यांचं तर तिच्या माहेरी अजून कुणाला ठाऊकच नव्हतं. अवघड वर्ष दोघांचं असलं, तरी त्यातली प्रत्येक गोष्ट दोघांच्या मालकीची नसते. बांगड्यांचं सांगायचं की नाही हे तिनं ठरवायचं. नातेवाइकाशी जे बोलायचं ते समोर बसून. शिवाय फेसबुक हा मजकूर दर वर्षी त्याच तारखेला ‘मेमरी’ म्हणून पुन्हा पुढं आणून ठेवतं. आज लिहिलेला राग पुढच्या प्रत्येक वाढदिवसाला समोर येणार.

या दुसऱ्या मसुद्यात मात्र वेणीची एक ओळ होती. ती वाचल्यावर मला वाटलं, लिहायचं ते हेच. अशा ओळींत संकटाचं वर्णन थोडक्यात उरकावं आणि त्या संकटात दुसऱ्यानं नेमकं काय केलं ते सांगावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘तू खंबीर राहिलीस’ यातून चित्र उभं राहत नाही. ‘रोज सकाळी नऊला शटर उघडलंस’ यातून राहतं. त्यात स्वतः केलेलं एखादं साधं काम आलं, तर ‘दोघांनी मिळून’ हे वेगळं लिहावंच लागत नाही.

मग प्रश्न आला, बोलायचं कुणाशी? बायकोशी की लोकांशी? ‘आपण टिकलो’ म्हटलं तर तो तिच्याशी बोलतोय आणि बाकीचे दारात उभं राहून ऐकताहेत. ‘आम्ही टिकलो’ म्हटलं तर तो चारचौघांना सांगतोय. दोन्ही चालतं, पण एकाच मजकुरात मिसळलं की वाचणारा गोंधळतो. बायको लिहिणार असेल तर आणखी एक गाठ असते. घरात ‘अहो’ म्हणणारीनं फोटोखाली एकदम ‘तू’ लिहिलं, तर ओळखणाऱ्यांना तो आवाज तिचा वाटत नाही. घरात जशी हाक मारतो तशीच लिहावी. यानं लोकांना सांगायचं ठरवलं, म्हणून ‘ती’ आणि ‘आम्ही’.

पहिल्या ओळीचं भान फार ठेवावं लागतं. इन्स्टाग्रामवर लांब मजकूर लिहिता येतो, पण यादीत सरकताना सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं बोट लावल्याशिवाय उघडत नाही. त्याची सुरुवात होती, ‘मार्चमध्ये माझ्या पायात रॉड बसला.’ निम्म्या लोकांनी तेवढंच वाचून ‘काळजी घ्या, लवकर बरे व्हा’ लिहिलं असतं. म्हणून वाढदिवस वर गेला, अपघात खाली आला. फोटोही बदलला. लग्नातला हार घातलेला फोटो काढून दुकानासमोरचा घेतला. त्यात कोपऱ्यात काठी दिसते, त्यामुळं दुखण्याबद्दल आणखी दोन वाक्यं कमी झाली.

टाकायच्या आधी त्यानं मजकूर तिला वाचायला दिला. तिनं एक दुरुस्ती सांगितली. शटर जड होतं, ते वर ढकलायला शेजारचे चहावाले काका रोज यायचे. त्यांच्याशिवाय लिहिलं तर ते खरं नाही. काकांना विचारून तेही घातलं. शेवटी झालं ते असं:

‘आज लग्नाला दहा वर्षं झाली. या वर्षी दुकानाचं शटर तिनं उघडलं आणि लेकीच्या वेण्या मी घातल्या. मार्चमध्ये अपघात झाला, पाच महिने मी घरात होतो. शटर वर ढकलायला शेजारचे चहावाले काका यायचे. मी घातलेली पहिली वेणी शाळेत पोचायच्या आत सुटली. आता आम्ही दोघं मिळून दुकान उघडतो. वेणीचं काम माझ्याकडेच राहिलंय.’

त्याचं हाड जुळलं होतं, म्हणून असा शेवट करता आला. सगळ्यांचं तसं नसतं. कर्करोगाचे उपचार संपले तरी तपासण्या पुढं कित्येक वर्षं चालतात. तिथं ‘आम्ही जिंकलो’ लिहिलं तर पुढच्या प्रत्येक रिपोर्टच्या वेळी ते वाक्य आठवून धास्ती वाटते. त्यापेक्षा ‘या वर्षी केमोच्या प्रत्येक दिवशी तो डबा घेऊन बाहेरच्या बाकावर बसला’ एवढं खरं आणि पुरेसं आहे. गर्भपातासारखं दुःख असेल तर ज्या बाईच्या शरीरावर ते गुदरलं, तिचा होकार आल्याखेरीज एक अक्षरही लिहू नये. आणि अवघडपण दोघांमधलंच असेल, वर्षभर अबोला किंवा वेगळं राहणं झालं असेल, तर माझा सल्ला असा की फोटोखाली फक्त तारीख आणि ‘दहा वर्षं’ एवढंच लिहावं. बाकीचं एकमेकांना कागदावर लिहून द्यावं. तिथं शब्दांची मर्यादा नाही आणि मावशीचा फोनही येत नाही.